निकालपत्राचं मराठी भाषांतर: पॅरा १२९ की १३७? आणि हेडनोटचं काय करायचं?

सुनेत्रा_लेखणी

नमस्कार मंडळी. विनीता शर्मा वि. राकेश शर्मा या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाचं मी मराठी भाषांतर केलं आहे. मुलींच्या वडिलोपार्जित हिश्श्यावर काम करणाऱ्या एका गटाला ते हवं होतं. शंभराहून जास्त पानं, चार महिने लागले. भाषा सोपी ठेवली, लांब परिच्छेद तोडून छोटे केले आणि सुरुवातीला दीड पानाचा सारांश यावा म्हणून हेडनोटही भाषांतरित करून जोडली.

गेल्या आठवड्यात एका वकीलताईंनी माझी प्रत तालुका न्यायालयात सोबत नेली. युक्तिवादात त्यांनी "पॅरा १४६ बघावा" असं सांगितलं. न्यायाधीशांसमोर एससीसी या खासगी निकालसंग्रहाचा खंड होता, समोरच्या वकिलांकडे न्यायालयाच्या संकेतस्थळावरची पीडीएफ. त्या दोन्हींत १४६ वर हा मजकूर नव्हता. शोधल्यावर तोच मजकूर पीडीएफमध्ये १२९ वर निघाला आणि एससीसीत १३७ वर. माझ्या प्रतीत परिच्छेद तोडल्यामुळे तो १४६ झाला होता. ताईंना खाली मान घालावी लागली, आणि ती चूक माझी होती.

आता सगळं पुन्हा करायला बसले आहे. तीन गोष्टींवर मत हवं आहे. पॅरा क्रमांक कोणते धरायचे? हेडनोट ठेवायची का? आणि दाखले, म्हणजे सायटेशन, देवनागरीत लिहायचे की इंग्रजीत? मी सध्या "(२०१६) २ एससीसी ३६" असं लिहिलं आहे.

जुने_दप्तर

सुनेत्राताई, मी बरीच वर्षं न्यायालयीन भाषांतराचं काम केलं, आता निवृत्त आहे. तुमच्या बाबतीत जे झालं ते फार जणांचं होतं, फक्त बहुतेकांना ते कळत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. न्यायालयाने सही केलेल्या प्रतीत जो क्रमांक आहे तोच तुमचा क्रमांक. विनीता शर्मात निष्कर्ष "Resultantly, we answer the reference as under" या वाक्याने सुरू होतो आणि त्याला न्यायालयाने १२९ दिला आहे. त्याखाली (i) ते (v) असे पाच मुद्दे आहेत. एससीसीच्या संपादकांनी आपल्या पद्धतीने क्रमांक लावले, म्हणून तिथे तोच परिच्छेद १३७ झाला आणि पाच मुद्दे १३७.१ ते १३७.५ झाले. पुढचे उच्च न्यायालयांचे निकाल वाचलेत तर कुणी १२९ लिहितं, कुणी १३७. दोघंही बरोबर असतात, फक्त हातातलं पुस्तक वेगळं असतं.

म्हणून कामाचा नियम एकच ठेवा: मुळातला एक परिच्छेद म्हणजे मराठीतला एक परिच्छेद. मुळात तो दोन पानांचा असेल तर मराठीतही दोन पानांचा. आतली वाक्यं तोडा, कर्ता पुढे आणा, कर्मणी प्रयोग मोडून कर्तरी करा, ते तुमचं क्षेत्र आहे. पण एका परिच्छेदातलं अर्धं वाक्यसुद्धा पुढच्या परिच्छेदात जाता कामा नये. दोन परिच्छेद जोडायचेही नाहीत. मुळात क्रमांक चुकून दोनदा आला असेल किंवा एखादा सुटला असेल, तर तो तसाच ठेवा आणि खाली भाषांतरकाराची टीप द्या. दुरुस्त करू नका.

दाखल्यांचं आणि हेडनोटचं रात्री लिहितो.

अॅड_किरण

हेडनोटबद्दल लगेच सांगतो ताई, काढून टाका. कॉपीराइट आहे. ईस्टर्न बुक कंपनी वि. डी. बी. मोदक या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय की एससीसीच्या हेडनोटवर प्रकाशकाचा हक्क आहे. निकालाचा मूळ मजकूर मात्र सर्वांसाठी मोकळा आहे. त्यामुळे मजकूर आणि पॅरा क्रमांक बिनधास्त घ्या. १, २, ३ या आकड्यांवर कुणाचा हक्क कसा असेल? मी तर म्हणतो एससीसीचेच क्रमांक घ्या, न्यायालयात तेच चालतात.

बापू_शेतकरी

मी या विषयात नवीन. पण विनीता शर्मा नाव दिसलं म्हणून विचारतो. आमचे वडील १९९८ साली वारले. १९९९ ला आम्ही तिघा भावांनी घरी बसून जमीन वाटून घेतली, फेरफारही झाला. बहिणीचं लग्न १९९६ चं. आता ती हिस्सा मागते आहे. मला व्हॉट्सॲपवर या निकालाचं मराठी आलं होतं, त्यात लिहिलंय, "तोंडी वाटणीचा बचाव स्वीकारता येणार नाही." म्हणजे आमची वाटणी गेलीच का?

जुने_दप्तर

बापूसाहेब, हा धागा भाषांतराचा आहे, पण तुमचा प्रश्न नेमका त्यातच बसतो, म्हणून आधी तुम्हाला उत्तर देतो.

तुमच्याकडे आलेलं वाक्य मुद्दा (v) मधलं आहे. मुळात त्या एका मुद्द्यात तीन वाक्यं आहेत. पहिलं, नोंदणीकृत वाटपपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा हीच वाटणीची कायद्याने मान्य पद्धत आहे, तोंडी वाटणीचा बचाव तसा स्वीकारता येणार नाही. दुसरं "However" ने सुरू होतं: अपवादात्मक प्रकरणात तोंडी वाटणीला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झाली असावी इतक्या स्पष्टपणे ती शेवटी सिद्ध होत असेल, तर ती स्वीकारता येईल. तिसरं, केवळ तोंडी पुराव्यावर आधारलेला बचाव फेटाळायचा.

कुणीतरी हा मुद्दा तीन परिच्छेदांत तोडला, पहिला तुकडा पुढे पाठवला, आणि तुम्हाला मधलं वाक्य कधी दिसलंच नाही. नियम आणि त्याचा अपवाद न्यायालयाने एका क्रमांकाखाली का ठेवला, हे यातून कळतं.

तुमच्या फेरफाराने अपवाद लागू होतो का, हे मी सांगू शकत नाही. फेरफार कशाच्या आधारे झाला, त्यानंतर खाती वेगळी झाली का, मूळ जमीन वडिलोपार्जित होती की वडिलांनी स्वतः घेतलेली, यावर ते ठरतं. स्वकष्टार्जित असेल तर मुलीचा हक्क मुळात हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ खाली वेगळ्याच वाटेने येतो. शिवाय महाराष्ट्रात १९९४ ची दुरुस्तीही होती, आणि तिच्यात दुरुस्तीआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. तुमच्या बहिणीचं लग्न त्यानंतरचं, तेही वकिलांना सांगा. कागद घेऊन जा.

बापू_शेतकरी

मधलं वाक्य खरंच आलं नव्हतं. पूर्ण मराठी कुठे मिळेल? बहिणीलाही वाचायला देतो.

सुनेत्रा_लेखणी

बापूसाहेब, माझी प्रत नीट झाली की तुम्हाला देते. त्याआधीची अजिबात वापरू नका.

जुने_दप्तर

आता किरणसाहेबांच्या मुद्द्याकडे येतो. मोदक निकाल, `(2008) 1 SCC 1`. हेडनोटबद्दल तुमचं बरोबर आहे. पण त्याच निकालात न्यायालयाने पुढे असंही म्हटलं की एससीसीच्या संपादकांनी स्वतः परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणं, अंतर्गत संदर्भ जोडणं, न्यायाधीश सहमत की असहमत हे दाखवणं, या कामातही किमान सर्जनशीलता आहे आणि त्याला संरक्षण आहे. आकड्यांवर हक्क नाही हे खरं. पण परिच्छेद कुठे तोडायचा हा निर्णय संपादकाचा आहे, आणि तो निर्णय उचलायचा नाही. न्यायालयाने स्वतः क्रमांक दिले असतील तर ते मोकळे आहेत. ताईंनी १२९ घ्यावा याचं हे दुसरं कारण.

१३७ कुठेतरी सांगावा लागेल हेही खरं, कारण वकिलाच्या हातात एससीसी असते. निष्कर्षाच्या परिच्छेदाला एक टीप द्या: "हा परिच्छेद एससीसीमध्ये १३७ या क्रमांकावर आहे." एक-दोन महत्त्वाच्या जागी असं सांगणं म्हणजे संदर्भ देणं. सगळ्या निकालाचा एकास एक तक्ता छापणं योग्य होईल का, यावर माझं मत पक्कं नाही. मी स्वतः तसा तक्ता कधी केला नाही.

हेडनोटकडे वळू. लोक हेडनोट निकालाचा भाग समजतात. ती तशी नाही. न्यायालयाच्या संकेतस्थळावरच्या सही झालेल्या प्रतीत हेडनोट नसते, ती अहवाल छापणारा संपादक लिहितो. हेडनोट हवीच असेल तर दोन वाटा आहेत. एक, सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या अधिकृत अहवालातली, म्हणजे एससीआरमधली हेडनोट घ्या, आणि ती कुठून घेतली ते वरच्या ओळीत लिहा. एससीआरच्या जुन्या खंडांमध्ये प्रत्येक निष्कर्षानंतर चौकोनी कंसात परिच्छेद क्रमांक, आणि त्यापुढे पान क्रमांकासोबत समासातली A ते H ही अक्षरं येतात. ती इंग्रजी छापील पानाची खूण आहे. मराठी पानाला तो समास नाही, म्हणून त्या अक्षरांचं अ, ब, क करायचं नाही. जशीच्या तशी ठेवा.

दुसरी वाट, तुमचा स्वतःचा सारांश. पण त्यावर "भाषांतरकाराचा सारांश, न्यायनिर्णयाचा भाग नाही" असं ठळक लिहा, वेगळ्या पानावर ठेवा, आणि त्याला परिच्छेद क्रमांक देऊ नका. सारांशालाच १, २, ३ दिले की वाचक "पॅरा ३" म्हणून तुमचं वाक्य न्यायालयाच्या तोंडी घालतो.

मुद्रित_मंगल

मी मजकूर जुळणीचं काम करते. ताई, वर्डमध्ये परिच्छेदांना आपोआप क्रमांक लावले असतील तर ते आधी काढा. मध्ये एक नवी ओळ टाकली की खालचे सगळे क्रमांक सरकतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. क्रमांक हाताने टाइप करा, साध्या मजकुरासारखे.

तपासायला मी हे करते. मूळ आणि मराठी दोन्ही साध्या मजकुरात काढायचे आणि फक्त क्रमांक वेगळे करून ताडायचे:

```
grep -oE '^[0-9]+\.' mool.txt > a.txt
sed 'y/०१२३४५६७८९/0123456789/' marathi.txt \
  | grep -oE '^[0-9]+\.' > b.txt
diff a.txt b.txt
```

काहीच छापून आलं नाही तर क्रमांक जुळले.

सुनेत्रा_लेखणी

करून पाहिलं. खूप ओळी आल्या. त्यात `9.` पुन्हा पुन्हा येतोय. परिच्छेद ९ तर एकच आहे?

मुद्रित_मंगल

हो, लक्षात आलं. या निकालात 9.9.2005 ही कायद्यातली दुरुस्ती लागू झाल्याची तारीख पानोपानी आहे. पीडीएफमधून मजकूर काढताना ओळ जिथे तुटली तिथे ती ओळीच्या सुरुवातीला आली, आणि आज्ञेला ती परिच्छेद ९ वाटली. दोन्ही ठिकाणी नमुना `'^[0-9]+\. '` करा, म्हणजे टिंबानंतर मोकळी जागा असेल तरच पकडेल.

सुनेत्रा_लेखणी

आता फरक अकराच राहिले. त्यातले सात मी परिच्छेद तोडल्याचे. उरलेले चार उद्धृतांतले आहेत. निकालात दुसऱ्या निकालांचे लांब उतारे दिले आहेत आणि त्या उताऱ्यांना त्यांचे स्वतःचे पॅरा क्रमांक आहेत. उतारा विस्कळीत दिसतो म्हणून मी चार ठिकाणी ते काढले होते.

जुने_दप्तर

परत घाला. उताऱ्यातला क्रमांक ही त्या जुन्या निकालातली जागा आहे. विनीता शर्माचा वाचक तो क्रमांक धरूनच मूळ निकालात जाणार. गोंधळ होऊ नये म्हणून उतारा दोन्ही बाजूंनी आत घ्या, अवतरणचिन्ह लावा, आणि उताऱ्याच्या शेवटी मुळात "emphasis supplied" असेल तर "जोर आमचा" लिहा. आणि ठळक केलेले शब्द मराठीत कोणते, ते पुन्हा ठरवा. इंग्रजीत चौथा शब्द ठळक होता म्हणून मराठीतलाही चौथाच ठळक केलेली प्रत मी पाहिली आहे. जोर "नाही" वर हवा होता, पडला "वडील" वर.

आता दाखले. हे थोडं सविस्तर लिहितो.

दाखला हा पत्ता आहे. तो वाचण्यापेक्षा शोधण्यासाठी असतो. `(2016) 2 SCC 36` हे शोधचौकटीत टाकलं की प्रकाश वि. फुलवती सापडतो. "(२०१६) २ एससीसी ३६" टाकलं तर हाती काही लागेल याची खात्री नाही. म्हणून माझी पद्धत अशी: प्रकरणाचं नाव देवनागरीत, दाखला रोमनमध्ये आणि आकडेही तिथले तसेच. "प्रकाश वि. फुलवती, `(2016) 2 SCC 36`". नाव पहिल्यांदा येताना एकदा रोमनमध्येही द्या, कारण फुलवतीचं इंग्रजी स्पेलिंग वाचकाला अंदाजाने लिहिता येणार नाही.

कंसही बदलायचे नाहीत. मनेका गांधीचा एकच निकाल `(1978) 1 SCC 248`, `AIR 1978 SC 597` आणि `[1978] 2 SCR 621` अशा तीन पत्त्यांवर आहे. एससीसीला गोल कंस, एससीआरला चौकोनी, एआयआरला कंसच नाही. सौंदर्यासाठी सगळे गोल केले की वकील ओळखतो की भाषांतरकाराला हे काय आहे ते माहीत नव्हतं, आणि मग बाकीच्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास जातो.

नावातली चिन्हं मात्र मराठीत आणायची. "Danamma @ Suman Surpur" मधलं @ म्हणजे उर्फ, आणि "& Ors." म्हणजे व इतर. न्यायाधीशांच्या नावापुढचं "J." हे आद्याक्षर नाही. "अरुण मिश्रा, जे." असं छापलेलं मी पाहिलं आहे. ते "न्या. अरुण मिश्रा".

अॅड_किरण

जुने दप्तर सर, मोदकचा तो भाग मी नीट वाचला नव्हता. आत्ता वाचला. तुमचं बरोबर आहे.

पण दाखल्यांबद्दल एक सुचवतो. आता न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयाने स्वतःच दिलेला दाखला, आलंय, सर्वोच्च न्यायालयाचं `INSC` आणि मुंबई उच्च न्यायालयाचं `BHC-AS`, `BHC-NAG`, `BHC-AUG` वगैरे. मग तेवढंच ठेवावं, एससीसी-एआयआर काढून टाकावं. कुठल्याच प्रकाशकाचा प्रश्न उरणार नाही.

जुने_दप्तर

न्यूट्रल सायटेशन जोडा, जरूर जोडा, पण तुमच्या टिपेत. निकालाच्या अंगात न्यायालयाने `(2016) 2 SCC 36` लिहिलं आहे, २०२० मध्ये तेच लिहिणं शक्य होतं. ते काढून दुसरं घालणं म्हणजे न्यायालयाचं वाक्य बदलणं झालं. दाखला देण्यात प्रकाशकाच्या हक्काचा काही प्रश्न नाही. पत्ता सांगितला म्हणून घर आपलं होत नाही.

वैशाली_का

मी महिला गटासोबत काम करते, ही प्रत आमच्याकडच्या बायका वाचणार आहेत. मला वकिलांच्या सोयीपेक्षा त्यांची काळजी वाटते. दोन पानांचा एक परिच्छेद, मध्ये रोमन आकडे, चौकोनी कंस. कोण वाचणार? सुनेत्राताईंनी तोडलेले छोटे परिच्छेद आम्हाला फार आवडले होते.

सुनेत्रा_लेखणी

वैशालीताई, हीच माझी ओढाताण आहे. छोटे परिच्छेद मी त्यासाठीच केले होते.

जुने_दप्तर

वैशालीताईंचा मुद्दा खरा आहे. यावर मला एकच मार्ग दिसतो: दोन कागद. भाषांतर वेगळं, सोपी पुस्तिका वेगळी. पुस्तिकेत तोडा, चित्रं घाला, प्रश्नोत्तरं करा, आणि प्रत्येक उत्तराशेवटी "न्यायनिर्णय, परिच्छेद १२९ (iii)" असा निर्देश द्या. पण एकाच कागदाकडून दोन्ही कामं करून घेऊ नका. भाषांतराच्या प्रतीत लांब परिच्छेद वाचनीय करायचाच असेल, तर एका परिच्छेदात ओळ मोडता येते, क्रमांक न देता. मी पूर्वी त्याच्याही विरुद्ध होतो. आता इतका कडक नाही.

वैशाली_का

दोन कागदांचा खर्च आणि वेळ कोण देणार हा प्रश्न आहेच. पण बापूसाहेबांचं वाचून मलाही वाटलं की तुटकं जाणं बरं नाही. क्रमांक न देता ओळ मोडण्याचं चालेल आम्हाला.

सुनेत्रा_लेखणी

१२९ चा (ii) पुन्हा केला. मूळ असं आहे: "The rights can be claimed by the daughter born earlier with effect from 9.9.2005 with savings as provided in Section 6(1)..." आणि पुढे २० डिसेंबर २००४ पूर्वीची विल्हेवाट, वाटणी, मृत्युपत्र वगैरे.

पहिल्या प्रतीत मी लिहिलं होतं: "९.९.२००५ पासून अगोदर जन्मलेल्या मुलीला हे हक्क सांगता येतील." आज वाचताना दचकले.

जुने_दप्तर

दचकायलाच हवं. इंग्रजीत "with effect from" मध्ये लटकलेलं आहे, वाचणारा संदर्भाने जोडून घेतो. मराठीत मात्र तारीख कुठे ठेवली यावर अर्थ ठरतो. तुमच्या वाक्यात ती जन्माला चिकटली. वाचकाला वाटेल, ९.९.२००५ ही जन्माची सीमा आहे. मुळात ती हक्क सांगता येण्याची तारीख आहे, आणि "earlier" म्हणजे दुरुस्तीच्या आधी. तारीख क्रियापदाजवळ न्या: "दुरुस्तीपूर्वी जन्मलेल्या मुलीला हे हक्क ९.९.२००५ पासून सांगता येतील, मात्र..." आणि "मात्र" नंतर कलम ६(१) मधली राखण, २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या व्यवहारांची.

"दुरुस्तीपूर्वी" हा शब्द मुळात या वाक्यात नाही, पण लगेच वरच्या (i) मध्ये "before or after amendment" आहे, म्हणून मला तो घेता येईल असं वाटतं. कुणाला पटत नसेल तर "अगोदर जन्मलेल्या" ठेवा, फक्त तारीख हलवा.

(iii) मध्ये "as on 9.9.2005" चं "पर्यंत" करू नका. "सहदायादीतला हक्क जन्माने मिळत असल्यामुळे, सहदायाद असलेला पिता ९.९.२००५ रोजी हयात असणे आवश्यक नाही." रोजी.

अॅड_किरण

मला अजून एक खटकतं. बऱ्याच भाषांतरांत respondent ला "प्रतिवादी" म्हणतात. फुलवतीच्या प्रकरणात दावा फुलवतीने लावला होता, ती वादी. सर्वोच्च न्यायालयात अपील प्रकाशने केलं, म्हणून तिथे ती respondent. "प्रतिवादी फुलवती" लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं तिच्यावर दावा होता.

जुने_दप्तर

अगदी बरोबर. अपिलातल्या पक्षाला "उत्तरवादी" ठेवा, "प्रतिवादी" फक्त मूळ दाव्यातल्यासाठी. आणि एकदा ठरवलेला शब्द शेवटपर्यंत तोच. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा वापरू नये असं शिकवतात, निकालात तो पुन्हा वापरायचाच असतो. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा.

सुनेत्रा_लेखणी

एक शब्द अडला आहे. शेवटी न्यायालय म्हणतं की प्रकाश वि. फुलवतीमधली विरुद्ध मतं "we overrule", आणि दानम्मा "partly overruled to the extent it is contrary". मी दोन्हीकडे "रद्द केला" लिहिलं होतं.

अॅड_किरण

"रद्द" चालेल की. सगळे तसंच म्हणतात.

जुने_दप्तर

इथे मी सहमत नाही. रद्द केला म्हटलं की फुलवतीच्या पक्षकारांमधला निकालच पुसला गेला असं वाटतं. तसं झालेलं नाही. त्या निकालाने सांगितलेला कायदा आता चालणार नाही, एवढाच अर्थ आहे. शिवाय न्यायालय तिथे "the views to the contrary" म्हणतं, म्हणजे मतं. "या निर्णयाशी विसंगत मते आम्ही अमान्य करतो" हे मला जवळचं वाटतं. दानम्मासाठी "जेवढ्या प्रमाणात ते या निर्णयाविरुद्ध आहे तेवढ्यापुरते अंशतः अमान्य".

अॅड_किरण

"अमान्य" फार सौम्य वाटतं सर. खालच्या न्यायालयात कुणीही म्हणेल की अमान्य केलं म्हणजे फक्त असहमती दाखवली. overrule ला बंधनकारक वजन आहे.

जुने_दप्तर

तो आक्षेप मला मान्य आहे. "रद्द" जास्त सांगतं, "अमान्य" कमी सांगतं. मी बरीच वर्षं अमान्य वापरलं आणि पहिल्या वापराला टीप दिली. त्याहून चांगला शब्द कुणी सुचवला तर मी बदलायला तयार आहे.

मुद्रित_मंगल

टिपांवरून आठवलं. भाषांतरकाराच्या टिपा आणि न्यायालयाच्या तळटीपा एकाच मालिकेत घेऊ नका. न्यायालयाच्या आकड्यांनी, तुमच्या ताराचिन्हाने आणि पुढे "भा. टीप" लिहून. नाहीतर तुमच्या एका टिपेमुळे न्यायालयाची तळटीप ४ पाचवी होते.

सुनेत्रा_लेखणी

आज संध्याकाळपर्यंतची स्थिती: तोडलेले सातही परिच्छेद जोडले, उद्धृतांतले चार क्रमांक परत घातले, `diff` आता रिकामं येतंय. हेडनोट काढली. त्या जागी माझा सारांश वेगळ्या पानावर, क्रमांकाशिवाय. पहिल्या पानावर सूचना टाकली की हे भाषांतर पक्षकाराला आपल्या भाषेत निकाल समजावा एवढ्यापुरतं आहे, आणि अंमलबजावणीसाठी इंग्रजी निकालच अधिकृत. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या भाषांतरांवरही त्याच अर्थाची सूचना असते.

overrule साठी तूर्त "अमान्य" ठेवून ताराचिन्ह दिलं आहे. टिपेत काय लिहू ते अजून सुचत नाहीये. किरण, तुम्ही दोन ओळी लिहून द्याल का?

अॅड_किरण

देतो, पण "अमान्य"ची बाजू घेऊन नाही लिहिणार. उद्या पाठवतो.

बापू_शेतकरी

बहिणीशी बोललो. दोघं मिळून वकिलांकडे जाऊ म्हणाली. मराठी प्रत झाली की कळवा ताई.